आलं तसं की मोठं आधी? तीन लेथ, सात कामं

हिंगणा एमआयडीसीतल्या आमच्या शेडमध्ये तीन सारख्या लेथ आहेत. सकाळी सात कामं आली: ३, ३, ३, ४, ४, ५, ५ तासांची. बेरीज २७, म्हणजे कसंही लावा, ९ तासांच्या आत सुटका नाही. ही झाली खालची मर्यादा. (एकच काम याहून लांब असतं, तर तेवढी.)

आमचा फोरमन म्हणतो, "आलं तसं लावा ना भाऊ, जी लेथ रिकामी होईल तिच्यावर." शेवटचं ५ तासांचं काम सातव्या तासाला चढतं आणि शेड बंद व्हायला १२ वाजतात, म्हणजे बारावा तास.

मोठं आधी लावलं तर ५, ५, ४ एकेका लेथवर. पुढचं ४ तिसरीवर, मग पहिल्या दोघींवर ३-३. तिन्ही आठव्या तासाला मोकळ्या, आणि एक ३ उरलंच! एकूण ११.

मग ९ जमतं का? जमतं: ५+४, ५+४, ३+३+३. गणितज्ञ रोनाल्ड ग्रॅहम यांनी १९६९ मध्ये सिद्ध केलं की m यंत्रांवर 'मोठं आधी' हा नियम सर्वोत्तम वेळेच्या 4/3 − 1/(3m) पटीपुढे जात नाही. तीन यंत्रांना 11/9, आमची यादी नेमकी त्याच काठावरची. आल्या क्रमाला हीच हमी 5/3 पट. मी मोठं आधीच लावतो, पण सगळी यादी सकाळीच हातात असेल तेव्हा.