ईद एका दिवसाने पुढेमागे का होते: चंद्र बघणं की गणित?

२०२४ ची रमजान ईद घ्या. सौदी आणि तुर्कस्तानात १० एप्रिलला, भारतात बहुतेक ठिकाणी ११ ला, पण केरळमध्ये मात्र १० लाच. चंद्र तर एकच आहे ना!

२९ व्या रोज्याच्या संध्याकाळी नवी चंद्रकोर दिसली तर दुसऱ्या दिवशी ईद, नाहीतर तिसावा रोजा. अमावस्येचा क्षण होता ८ एप्रिल, भारतीय वेळेने रात्री ११:५१. सौदीत ८ ला २९ वा रोजा होता, पण तिथे सूर्य मावळला तेव्हा अमावस्याच झाली नव्हती, म्हणजे कोर दिसणं शक्यच नव्हतं, मग ३० रोजे पूर्ण करून १० ला ईद. आपल्याकडे रमजान एक दिवस उशिरा सुरू झालेला, त्यामुळे २९ वा रोजा ९ ला आला. त्या संध्याकाळी कोर साधारण १९ तासांची, फारच बारीक, केरळमध्ये दिसल्याचं जाहीर झालं, इतर बऱ्याच ठिकाणी नाही, तिथे तिसावा रोजा झाला.

तुर्कस्तान हे सगळं आधीच ठरवतं. सूर्यास्तानंतर पृथ्वीवर कुठेही चंद्र सूर्यापासून किमान ८ अंश लांब आणि क्षितिजापासून ५ अंश वर असेल तर पुढचा दिवस नव्या महिन्याचा.

गणिताने अमावस्या मिनिटापर्यंत कळते, पण धूळ, ढग, बघणाऱ्याची नजर नाही कळत. आणि चंद्र-सूर्यात साधारण ७ अंशांपेक्षा कमी अंतर असेल तर नुसत्या डोळ्यांना कोर दिसतच नाही, तरी कुणी पाहिली म्हणालं तर शंका घ्यावीच. मला स्वतःला वाटतं की साक्ष डोळ्यांचीच असावी, पण अशक्य साक्ष गाळायला गणित हवंच.