मशीन बंद पडलं आणि परवा ऑडिट: तारीख पुढे मागायची की आहे तशीच ठेवायची?

मंगळवारी रात्री दुसऱ्या शिफ्टच्या सुपरवायझरचा फोन आला. "साहेब, तीन नंबरच्या व्हीएमसीचा स्पिंडल आवाज करतोय, हात लावला तर चटका बसतोय." गुरुवारी सकाळी साडेनऊला ग्राहकाचा ऑडिटर येणार होता आणि त्याला बघायचा होता तो ब्रॅकेट फक्त याच तीन नंबरच्या मिलिंग मशीनवर तयार व्हायचा. भोसरीतल्या आमच्या छोट्या मशीन शॉपमध्ये त्या रात्री जी चर्चा झाली, ती बऱ्याच ठिकाणी होत असणार: तारीख पुढे मागायची का?

आधी येणारा माणूस कोण आहे ते बघा, कारण उत्तर त्यावरच बदलतं.

औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाचा अधिकारी येणार असेल, तर तारीख मागू नये असं माझं स्पष्ट मत आहे. तो न कळवताही येऊ शकतो आणि तो उत्पादन बघायला येत नाही. बंद पडलेलं मशीन त्याच्या दृष्टीने जास्त महत्त्वाचं, कारण गार्ड काढलेलं असतं, पॅनेल उघडं असतं, खाली तेल सांडलेलं असतं. "आज नको" म्हटलं की काहीतरी झाकायचंय असाच अर्थ निघतो. त्यापेक्षा मेन स्विच बंद करून त्याला कुलूप घाला, काम करणाऱ्या फिटरच्या नावाचा टॅग लावा, फरशी पुसून घ्या आणि अधिकाऱ्याला मशीन दाखवा. क्रेन किंवा होइस्टच्या ठरावीक मुदतीच्या तपासणीची गोष्ट वेगळी. क्रेनच नादुरुस्त असेल तर तपासणी पुढे मागायला हरकत नाही. मात्र तपासणी होऊन दाखला मिळेपर्यंत त्या क्रेनने एकही नग उचलायचा नाही.

आयएसओ ९००१ च्या सर्टिफिकेशन संस्थेचं ऑडिट असेल, तर आधी कॅलेंडर उघडा. पहिलं सर्व्हेलन्स ऑडिट, म्हणजे सर्टिफिकेट दिल्यानंतरची देखरेखीची तपासणी, सर्टिफिकेट देण्याच्या निर्णयापासून १२ महिन्यांच्या आत व्हावं लागतं. पुढची सर्व्हेलन्स ऑडिटं दर कॅलेंडर वर्षात किमान एकदा, आणि रीसर्टिफिकेशन मुदत संपायच्या आत. म्हणजे नंतरच्या वर्षांतलं, जूनमध्ये ठरलेलं सर्व्हेलन्स जुलैत सहज जाईल. तेच डिसेंबरातलं जानेवारीत ढकललं तर सर्टिफिकेटच धोक्यात येतं. शिवाय हे ऑडिट अख्ख्या पद्धतीचं असतं. बारा मशीनपैकी एक बंद आहे म्हणून ते अडत नाही. उलट ब्रेकडाऊन झाल्यावर तुमची माणसं काय करतात, हे ऑडिटरला समोर बघायला मिळतं. तारीख मागावी ती एकाच परिस्थितीत: सर्टिफिकेटच्या कक्षेतली एखादी प्रक्रिया पूर्णपणे ठप्प असेल, जसं की कारखान्यातली एकुलती एक हीट ट्रीटमेंटची भट्टी. अशा वेळी करारातलं रद्द करण्याच्या शुल्काचं कलमही वाचून घ्या.

खरा पेच ग्राहकाच्या प्रोसेस ऑडिटमध्ये असतो. आमच्यापुढे तीन वाटा होत्या.

पहिली, अख्खं ऑडिट पुढे ढकलायचं. यात ऑडिटरला मशीन खरोखर चालताना दिसतं, पण नवीन पार्टची मंजुरी लांबते आणि ग्राहकाच्या उत्पादन लाइनची तारीख आपल्यामुळे हलते. ती लाइन महिन्याभराने सुरू होणार असेल तर हे चालेल. पुढच्या आठवड्यात असेल तर नाही.

दुसरी वाट सगळ्यात मोहाची आणि सगळ्यात धोक्याची. आमच्या प्लांट हेडनी सुचवलं, "फिक्स्चर पाच नंबरवर टाका, रात्रीत सेटिंग करा, सकाळी चालू दाखवू." पाच नंबरवर तो पार्ट कधीच चालला नव्हता. मंजूर प्रक्रियेच्या जागी तात्पुरती दुसरी वापरायची तर ती कंट्रोल प्लॅनमध्ये, म्हणजे पार्ट कसा बनवायचा आणि तपासायचा याच्या आराखड्यात, आधी नोंदलेली हवी, ग्राहकाची अट असेल तर त्याची परवानगी हवी, आणि मूळ मशीनवर परत येताना पुन्हा पडताळणी हवी. यातलं काहीच नसताना पाच नंबरवर नग काढणं म्हणजे ऑडिटच्या आदल्या रात्री स्वतःच एनसी, म्हणजे ऑडिटमध्ये नोंदली जाणारी त्रुटी, तयार करून ठेवणं. पर्यायी मशीन आधीच मंजूर असेल तर मात्र हीच वाट सर्वात चांगली, आणि मग तारीख मागायचा प्रश्नच उरत नाही.

तिसरी, ऑडिट दोन भागांत करायचं: कागदपत्रं, तपासणी आणि स्टोअर ठरलेल्या दिवशी, मशीनवरचा भाग नंतर. आम्ही ही निवडली.

बुधवारी सकाळी स्पिंडल उघडला. पुढच्या बेअरिंगचा केज तुटला होता. बेअरिंग यायला सहा दिवस लागणार होते. दहा वाजता मी ग्राहकाला आधी फोन केला आणि लगेच मेल टाकला:

"मंगळवारी रात्री ९.४० ला व्हीएमसी क्र. ३ चा स्पिंडल बंद पडला. पुढचं बेअरिंग निकामी आहे, सर्व्हिस इंजिनिअरचा रिपोर्ट सोबत जोडला आहे. बेअरिंग पुढच्या मंगळवारी येईल, मशीन गुरुवारी सुरू होईल. आपला पार्ट दुसऱ्या मशीनवर घेतलेला नाही. उद्या कागदपत्रं व तपासणी विभाग पाहता येईल. मशीनवरील भागासाठी पुढचा शुक्रवार किंवा त्यानंतरचा सोमवार सुचवतो."

त्यात 'लवकरात लवकर' कुठेही नव्हतं. चौथ्या वाक्यामुळे त्यांची अर्धी काळजी मिटली, असं त्यांनी नंतर सांगितलं.

गुरुवारी ऑडिटरने पहिला प्रश्न विचारला तो मशीनबद्दल नव्हताच. "शेवटचा चांगला नग कोणता?" बेअरिंग एका क्षणात जात नाही. आधी काही तास स्पिंडल डगमगतो, बोअर लंबगोल होतो, फिनिश बिघडतं. शेवटच्या नोंदलेल्या तपासणीनंतर निघालेले ३४० नग आम्ही बुधवारीच लाल टॅग लावून बाजूला ठेवले होते. सगळे मोजल्यावर २२ नगांचा बोअर मापाबाहेर निघाला. हे नग आधीच रवाना झाले असते, तर तारखेचा विषय बाजूला राहून तक्रारीचा विषय सुरू झाला असता. म्हणून तारीख मागण्याच्या मेलआधी हा साठा अडवा. ऑडिटरने मेंटेनन्सचं रजिस्टरही बघितलं. दोन महिन्यांपूर्वी त्याच स्पिंडलचं कंपन वाढल्याची नोंद होती आणि पुढे काहीच केलेलं नव्हतं. त्यावर एनसी लागला. तारीख कितीही पुढे नेली असती तरी ती नोंद तिथेच राहिली असती.

दुरुस्तीनंतरचा वेळ मागताना बरेच जण चुकतात. बेअरिंग बसवलं म्हणजे मशीन तयार झालं असं नाही. नवीन बेअरिंग कमी आरपीएमपासून टप्प्याटप्प्याने चालवून, तापमान बघत रुळवावं लागतं. मग टेस्ट मँड्रेल लावून स्पिंडल फिरताना किती डगमगतो तो रनआउट डायलने बघायचा, टूलचे ऑफसेट नव्याने घ्यायचे, पहिले पाच नग सीएमएम या अचूक मोजमापाच्या यंत्रावर मोजायचे, आणि मगच सेट-अपवर सही. आमचा यात दीड दिवस गेला. दुरुस्ती संपण्याच्या दिवशीच ऑडिट मागितलं असतं, तर ऑडिटरसमोर सेटिंगच चालू असतं.

आणि बेअरिंग मंगळवारी आलंच नाही तर? तर मंगळवारी संध्याकाळीच कळवायचं. दुसऱ्यांदा नुसती तारीख मागू नका, तेव्हा पाच नंबरवर नग घेण्याची लेखी परवानगी मागा. त्यासाठी लागणारी मापं आम्ही सोमवारीच काढून ठेवली होती.