कंपनी सभासद असेल तर सभेला कोणाला पाठवावे: प्रॉक्सी की अधिकृत प्रतिनिधी?

एका खासगी कंपनीत तीन सभासद आहेत. ६० टक्के शेअर्स मूळ कंपनीकडे आणि प्रत्येकी २० टक्के दोन भावांकडे. वार्षिक सर्वसाधारण सभेच्या दिवशी धाकटा भाऊ परदेशात आहे. थोरला हजर आहे आणि मूळ कंपनीने आपला वित्त अधिकारी प्रॉक्सी फॉर्म देऊन पाठवला आहे. खोलीत माणसे दोन, तरी सभा भरत नाही.

खासगी कंपनीच्या सभेला किमान दोन सभासद जातीने हजर लागतात आणि गणपूर्ती मोजताना प्रॉक्सी धरत नाहीत. अर्ध्या तासात गणपूर्ती झाली नाही की ही सभा पुढच्या आठवड्यात त्याच वारी, त्याच वेळी, त्याच जागी जाते. तोच अधिकारी संचालक मंडळाच्या ठरावाची प्रमाणित प्रत घेऊन आला असता, तर मूळ कंपनी स्वतः हजर आहे असे धरले गेले असते आणि सभा लगेच सुरू झाली असती.

कंपनी कायदा, २०१३ मध्ये हे दोन वेगळे रस्ते आहेत. कलम १०५ चा प्रॉक्सी सभासदाच्या बदली येतो. त्याला सभेत बोलता येत नाही, हात वर करून मत देता येत नाही. पोल, म्हणजे शेअर्सच्या प्रमाणात मोजले जाणारे मतदान, झाला तरच तो मत देतो. त्याचा फॉर्म, म्हणजे एमजीटी-११, सभेच्या ४८ तास आधी कंपनीकडे पोचावा लागतो. कलम ११३ चा प्रतिनिधी मात्र खुद्द सभासदासारखाच वागू शकतो: प्रश्न विचारतो, हात वर करतो, पोलची मागणी करतो. गरज पडल्यास सभासद कंपनीच्या वतीने प्रॉक्सीही नेमू शकतो; प्रॉक्सीला पुढे दुसरा प्रॉक्सी नेमता येत नाही. प्रतिनिधीला कायद्याने ४८ तासांची अट नाही. तरीही प्रत आदल्या दिवशी पाठवावी, कारण दारात कागद तपासत बसण्यात सभेचा वेळ जातो.

चूक बहुधा कागदातच असते. लेटरहेडवर एका संचालकाने सही केलेले पत्र म्हणजे ठराव नव्हे. ठरावातच ‘प्रॉक्सी म्हणून उपस्थित राहावे’ असे लिहिले, तर आपण नेमके काय दिले यावरच वाद उभा राहतो. म्हणून ठरावात कलम ११३, माणसाचे नाव, कोणत्या कंपनीची कोणती सभा आणि मतदानाचा अधिकार हे स्पष्ट असावे. मंडळाची बैठक लगेच शक्य नसेल तर ठराव सर्व संचालकांकडे फिरवूनही मंजूर करता येतो.

कलम ११३ चा रस्ता फक्त निगम संस्थांना खुला आहे. एलएलपी त्यात येते, साधी भागीदारी पेढी येत नाही. खासगी कंपनीची नियमावली प्रॉक्सीचे नियम बदलू शकते, म्हणून तीही वाचावी. व्हिडिओवरून घेतलेल्या सभेत तर प्रॉक्सीची सोयच नसते.

सभासद कंपनी असेल आणि दोन्ही रस्ते मोकळे असतील, तर मी ठरावच करायला सांगेन. गणपूर्तीची चिंता नसेल, बोलायचे काही नसेल आणि मतदान पोलनेच होणार हे नक्की असेल, तेव्हा प्रॉक्सीवर काम भागते.