पाकिटावर ‘गोवा काजू’ छापाचं नाव की भलतंच एखादं? दोन्ही वापरून बघितल्यावरचा हिशोब

काजू, सोलां, कोकम सरबत असला माल पाकिटात घालून विकायचा ठरला की नावावरून घरात दोन पार्ट्या पडतातच. एक पार्टी म्हणते नावात गोवा हवं, काजू हवं, गिऱ्हाइकाला बघताक्षणी कळायला हवं. दुसरी म्हणते मालाशी काही संबंध नसलेला एखादा चांगला शब्द घेऊया, म्हणजे तो आपला होईल. आमच्याकडे पहिल्या पार्टीचं नाव वडिलांच्या वेळेपासून चालत आलं होतं, नंतर दुसऱ्या पार्टीचं आलं, त्यामुळे दोन्हींचं सुख-दुःख थोडंफार माहीत आहे. मी काही वकील नव्हे, पण हे सगळं करून बसलोय म्हणून लिहितोय.

आधी सांगणाऱ्या नावाबद्दल, कारण त्याला उगाच नावं ठेवायची नाहीत. पणजीच्या मार्केटमध्ये टुरिस्ट दुकानासमोर किती वेळ थांबतो? तेवढ्यात त्याला ‘गोवा’ दिसलं आणि ‘काजू’ दिसलं की हात पुढे येतो, समजावून सांगावं लागत नाही. उच्चाराची कटकट नाही, अर्थाची नाही, दिल्लीवाला असो की बेळगावचा, सगळे बरोबर वाचतात. हा फायदा खरा आहे आणि पहिल्या दिवसापासून मिळतो.

मग नडलं कुठे? फोनवर. ‘तुमचे काजू खवट निघाले हो’ म्हणून फोन यायचे, मी फोटो मागवायचो, आणि फोटोत पाकीट दुसऱ्याचंच. नाव जवळपास तेच, शब्दांची फक्त अदलाबदल, एकात ‘स्पेशल’ तर एकात ‘प्रीमियम’, रंगही साधारण तसेच. गिऱ्हाइकाचा काय दोष, त्याने घरी गेल्यावर नेटवर नाव टाकलं, वर आमचा नंबर आला, त्याने लावला. सुरुवातीला मी समजावून सांगायचो की ते आमचं नव्हे, पण ‘पाकिटावर गोवा काजूच लिहिलंय की’ याच्यापुढे बोलणार काय. काहींना तर मी आमचं पाकीट फुकट पाठवलं, वाद नको म्हणून. दुसऱ्याच्या खवट काजूची भरपाई आपण करायची ही गोष्ट मला फार लागली, आणि खरं सांगायचं तर पुढचे सगळे मुद्दे मला नंतर कळले, निर्णय तिथेच झाला होता.

तर म्हटलं याला कायद्याने काही करता येतं का. तिथे कळलं की गाडी मुळातच अडलेली आहे. ट्रेड मार्क्स अ‍ॅक्ट १९९९ च्या कलम ९ प्रमाणे मालाचा प्रकार, दर्जा, उपयोग किंवा तो कुठला आहे एवढंच सांगणारं नाव साधारणपणे रजिस्टर होत नाही. गोवा म्हणजे जागा, काजू म्हणजे माल, स्पेशल म्हणजे दर्जा, तिन्ही शब्द तिथेच अडकतात. कारण सरळ आहे, हे शब्द प्रत्येक काजूवाल्याला लागतात, ते एकट्याच्या नावावर कसे करून देणार. हो, वर्षानुवर्षं वापरून लोक त्या नावाने तुम्हालाच ओळखतात असं दाखवता आलं तर वाट आहे, पण त्याला बिलं, जाहिराती, विक्रीचे आकडे असा ढीग लागतो, आणि छोट्या धंद्यात तो जपलेला क्वचितच असतो. फेणी, खोला मिरची, मानकुराद यांसारखी जीआय, म्हणजे ठरावीक भागाच्या मालाची सरकारी नोंद, मिळालेली नावं तर त्या भागातल्या सगळ्याच उत्पादकांची, त्यावर एकट्याने हक्क सांगायचा विचारच सोडा.

इथे एक मेख आहे. फोंड्यातल्या एका ओळखीच्याने असंच नाव लोगोसकट टाकलं, लोगो छान होता, सर्टिफिकेट मिळालं, दुकानात फ्रेम करून लावलं. मग शेजारच्याने तेच शब्द वापरले तेव्हा वकिलाने दाखवलं की कलम १७ प्रमाणे हक्क मिळतो तो अख्ख्या चित्राचा, त्यातल्या साध्या सर्वसामान्य शब्दांचा वेगळा नव्हे. म्हणजे लोगो चोरला तर भांडता येईल, शब्द वापरले तर अवघड. तेव्हा कोणी म्हणालं की ‘आमचं तर झालंय रजिस्टर’, तर नुसता शब्द झालाय की चित्र झालंय ते विचारा.

आता दुसरी बाजू. मालाशी संबंध नसलेला शब्द घेतला की कायद्याची बाजू बरीच मोकळी होते, पण उच्चार आणि अर्थ तपासायचं काम अंगावर येतं, आणि हे काम कंटाळवाणं आहे हे आधीच सांगतो.

आमच्या घरात पहिलं नाव निघालं ‘माटोळी’, चतुर्थीला गणपतीच्या वर फळं-पानं बांधून टांगतात ती. सगळ्यांना आवडलं, ऐकूनच चतुर्थी डोळ्यांपुढे येते. पण उच्चाराच्या चाचणीत ते पडलं. चाचणी म्हणजे काही मोठं नव्हे, बाहेरच्या ओळखीच्या माणसाला फोन करायचा, नाव एकदाच सांगायचं, स्पेलिंग सांगायचं नाही, आणि ऐकलं तसं मेसेज करून पाठवायला सांगायचं. माटोळीचं कोणाकडून `Matoli` आलं, कोणाकडून `Matodi`, एकाने तर `Mathuli`. आपला ळ हिंदीवाल्याला ल किंवा ड ऐकू येतो आणि रोमन लिपीत तर ळला वेगळं अक्षरच नाही. जे नाव ऐकून टाइप करता येत नाही ते नेटवर सापडत नाही, मग गिऱ्हाईक परत येणार कसं? उलटी चाचणीही घ्यायची, नाव रोमनमध्ये लिहून दाखवायचं आणि मोठ्याने वाचायला लावायचं. पुण्याच्या मेव्हण्याने ‘मतोली’ वाचलं.

शिवाय अर्थाचा मुद्दा आमच्या आत्येने काढला, ‘माटोळी देवाच्या माथ्यार बांदतात रे, तुजें पाकीट खाल्ल्याउपरांत खंय वतलें?’ रिकामं पाकीट गटारात पडलेलं दिसणार, त्यावर माटोळी लिहिलेलं. विषय संपला.

भाच्याने मग मजेशीर म्हणून ‘खा पुता’ सुचवलं. कोंकणीत प्रेमाने म्हणतो तसं. पण रोमनमध्ये `Puta` छापलं की पोर्तुगीजमध्ये ती सरळ सरळ शिवी होते, आणि लिस्बनला नातेवाईक असलेली घरं गोव्यात किती आहेत ते तुम्हाला माहीत आहे. म्हणून गोव्यात अर्थ तपासायचा तो मराठी, कोंकणी, हिंदी, कन्नड, पोर्तुगीज एवढ्यात तरी, आणि डिक्शनरीत नव्हे, ती भाषा घरात बोलणाऱ्या माणसाकडून, कारण शिव्या आणि टोपणनावं डिक्शनरीत धड सापडत नाहीत.

बनवलेले शब्द, म्हणजे दोन शब्दांचे तुकडे जोडून केलेले, रजिस्टर व्हायला सगळ्यात सोपे म्हणतात आणि ते खरंही असेल, पण प्रत्येक फोनवर स्पेलिंग सांगत बसावं लागतं. आमच्याकडे दोन-तीन झाले, कोणाच्याच तोंडात बसले नाहीत, औषधाच्या गोळ्यांसारखे वाटायचे.

म्हणून मधला प्रकार उरला. खरा शब्द, छोटा, ळ नसलेला, मालाशी संबंध नसलेला. आमचं नाव इथे देत नाही, जाहिरात वाटेल, पण त्याच जातीचं उदाहरण म्हणून ‘कावी’ घेऊया, जुन्या देवळांच्या भिंतींवर तांबड्या रंगाचं काम असतं ना, ती. काजूशी काही देणंघेणं नाही. हा शब्द मोकळा आहे असं मी म्हणत नाही, तपासायचं कसं तेवढं दाखवतो.

ट्रेडमार्कच्या सरकारी साइटवर पब्लिक सर्च फुकट आहे. तिथे वर्ग टाकावा लागतो. काजूगर आणि सुकवलेली सोलां वर्ग २९, मसाले ३०, सरबतं ३२, दुकानदारीची सेवा ३५. फक्त २९ बघून थांबू नका, शेजारच्या वर्गात तसलंच नाव असलं तरी अडचण येऊ शकते, खाण्याचा माल एकाच फळीवर ठेवला जातो. आधी `Wordmark` मध्ये `Contains` घेऊन `kavi` टाका. मोठी यादी येईल, कारण `Kavita` मध्येही `kavi` आहेच, ती नावं बाजूला काढा. मग `kaavi`, `kawi`, `cavi` टाका. त्यानंतर `Phonetic` करा, कारण तपासणारा अधिकारी नाव ऐकायला कसं लागतं तेही बघतो. इथेच कावीची कमजोरी दिसेल, रोमनमध्ये एकच `a` टाकला की ते ‘कवी’ होतं, म्हणजे कवी नावाचा कोणी खाण्याच्या वर्गात बसला असेल तर तो तुमच्या वाटेत आला. कागदावर नाव देखणं दिसतं तेव्हा हे लक्षात येत नाही.

सापडलेल्या नावापुढची स्थिती नीट वाचा. `Abandoned` म्हणजे अर्ज सोडून दिलेला, पण `Objected` म्हणजे मेलेला नव्हे, तो अजून भांडतोय. आणि तुमच्यासारखं एखादं नाव नाकारलेलं दिसलं तर ते उघडून त्याचा तपासणी अहवाल वाचा, हरकत कशावर आली ते फुकटात कळतं.

एवढं झालं तरी म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात फिरून या, इन्स्टाग्राम बघा. रजिस्टर न करता आधीपासून तेच नाव वापरणाऱ्याचा हक्क कलम ३४ जपतं, तो सर्चमध्ये दिसत नाही. कंपनीचं नाव मंजूर झालं किंवा फूड लायसन्सवर आलं म्हणून नाव आपलं झालं असंही धरू नका, ते दोन्ही वेगळे विषय.

खर्च म्हणाल तर एकट्या माणसाला किंवा लघुउद्योगाला ऑनलाइन अर्जाची सरकारी फी दर वर्गाला ४,५०० रुपये, बाकीच्यांना ९,०००. म्हणजे एकट्या माणसाने तीन वर्ग घेतले तर १३,५००, वकिलाचे वेगळे. गोव्याचे अर्ज मुंबई ऑफिसकडे जातात. तपासणी अहवालात हरकत आली तर उत्तराला एक महिना मिळतो, आणि ट्रेडमार्कच्या सरकारी जर्नलमध्ये नाव छापून आल्यावर कोणालाही विरोध करायला चार महिने. नोंद झाली की दहा वर्षं, मग रिन्यू.

तरी माझं म्हणणं सगळ्यांना लागू पडेल असं नाही. कळंगुटला एका सीझनपुरता स्टॉल टाकायचा असेल, गिऱ्हाईक परत येण्याचा प्रश्नच नसेल, तर सांगणारं नाव लावा आणि मोकळे व्हा, एवढा व्याप कशाला. पण कुरियरने माल पाठवणार असाल, पुढच्या मे महिन्यात त्याच घरातून परत ऑर्डर यावी असं वाटत असेल, तर मी तरी छोटा भलताच शब्द घेईन आणि ‘गोव्याचे काजू’ ही ओळ खाली बारीक अक्षरात छापेन. टुरिस्टला तेवढं पुरतं, आम्ही तेच केलं, विक्री पहिल्या सीझनला जरा बसली खरी, नंतर सावरली. आणि नाव आधीपासून वापरात असेल तर अर्जात वापराची तारीख घालताना त्या तारखेचं बिल हाताशी ठेवा, कारण सोबत प्रतिज्ञापत्र आणि पुरावा द्यावा लागतो. प्रिंटरचं पहिलं बिल, ज्यात पाकिटावरचं नाव लिहिलेलं असतं, ते आमच्या सगळ्यात कामाला आलं.