तिशीतली ताठरतेची अडचण: आधी मनाकडे पाहावे की रक्ताकडे?

लिंगाला ताठरता न येणे, किंवा आलेली मध्येच ओसरणे, ही अडचण एखाद्या दिवशी कोणालाही येते आणि तिची दखल घेण्याचे कारण नसते. मात्र ती तीन-चार महिने टिकली आणि वय पस्तिशीच्या आसपास असले, की माणसासमोर दोन वाटा उभ्या राहतात. हे ताणामुळे होत आहे असे मानून मनाच्या बाजूने सुरुवात करावी, की शरीरात काही बिघडले आहे का हे आधी तपासून घ्यावे? मी या दोन्ही वाटांनी गेलो आहे. माझा कल एका वाटेकडे आहे हे आधीच सांगतो. तो एका माणसाच्या अनुभवातून आलेला आहे, एवढे ध्यानात ठेवून वाचावे.

दोन्हींतला फरक ओळखण्याच्या नेहमीच्या खुणा बहुतेकांना ठाऊक असतात. अडचण अचानक सुरू झाली, काही प्रसंगी येते आणि काही प्रसंगी मुळीच येत नाही, पहाटे जाग येताना ताठरता नेहमीसारखी असते, तर कारण मनाकडचे असण्याचा संभव अधिक. हळूहळू वाढत गेली, एकांतातही तशीच जाणवू लागली, पहाटेची ताठरताही मंदावली, तर शरीराकडे पाहावे. यांतली पहाटेची खूण सर्वांत उपयोगी आहे, कारण झोपेत, विशेषतः स्वप्नांच्या झोपेत, निरोगी पुरुषाला रात्रीतून तीन ते पाच वेळा आपोआप ताठरता येते आणि त्या वेळी चिंता आड येत नाही. तरीही या खुणेवर एकट्याने विसंबू नये. ज्याची झोपच तुटक आहे, जो घोरतो आणि झोपेत ज्याचा श्वास अडतो, किंवा जो खोल नैराश्यात आहे, त्याचीही पहाटेची ताठरता कमी होऊ शकते. मी स्वतः याच ठिकाणी फसलो.

मी निपाणीचा. तंबाखूच्या वखारीत हिशेबाचे काम करतो. चौतिसाव्या वर्षी अडचण सुरू झाली तेव्हा खरेदीचा हंगाम होता, घराच्या कर्जाचे हप्ते नुकतेच सुरू झाले होते आणि रात्री पाच तासांच्या वर झोप मिळत नव्हती. त्यामुळे ताण हे कारण इतके समोर दिसत होते, की दुसरे शोधावे असे मला वाटले नाही. पहाटेची ताठरता कमी झाल्याचे लक्षात आले, पण झोपच नाही तर ती कुठून येणार, असे मी स्वतःला समजावले. गावातल्या डॉक्टरांनीही वय विचारले, काम विचारले आणि सांगितले, “टेन्शन घेऊ नका, सगळे ठीक होईल.” त्यांनी रक्तदाब घेतला नाही, साखर तपासायला सांगितली नाही. मी तंबाखू खातो का, हेही विचारले नाही. मी तेव्हा चुन्याबरोबर तंबाखू मळून खात होतो आणि त्याला अकरा वर्षे झाली होती.

त्यानंतरचे सात महिने हाच या तुलनेचा गाभा आहे. ताण हे असे उत्तर आहे, जे चुकीचे असले तरी कधी खोटे ठरत नाही. हंगाम संपला, अडचण कायम राहिली. मी म्हटले, आता कर्जाचा ताण आहे. चार दिवस सुटी काढून पत्नीसह गोकाकला धबधबा पाहून आलो, तिथेही तेच झाले. मी म्हटले, जमेल की नाही याचाच ताण आला असेल. हे शेवटचे खोटेही नव्हते. दोन-तीनदा न जमल्यावर पुढच्या वेळी मन शरीराकडे परीक्षकासारखे पाहू लागते आणि त्या भीतीने खरोखरच ताठरता जाते. मूळ कारण कोणतेही असो, काही महिन्यांत त्यावर भीतीचा हा थर चढतोच, आणि मग केवळ विचार करून कोणालाही दोन्ही वेगळे करता येत नाहीत. ताण नाही असे दाखवणारी कोणतीही चाचणी नसते. रक्तातली साखर मात्र एका सकाळी कळते. मला या गोष्टीचा इतका त्रास झाला, की पुढे माझे मत बहुतांशी तिच्यावरच बनले.

सात महिन्यांनंतर मी कोल्हापूरला मूत्ररोगतज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी नेमक्या गोष्टी पाहिल्या: रक्तदाब, कमरेचा घेर, चालू औषधांची यादी, उपाशीपोटी साखर, तीन महिन्यांची सरासरी साखर, रक्तातल्या चरबीचे प्रमाण आणि टेस्टोस्टेरॉन. टेस्टोस्टेरॉन सकाळी सर्वाधिक असते आणि दुपारनंतर उतरते, म्हणून त्याचा नमुना सकाळी अकराच्या आत द्यावा लागतो, आणि तो कमी आला तर दुसऱ्या एखाद्या दिवशी पुन्हा घेतात. एका अहवालावर निष्कर्ष काढत नाहीत. माझे टेस्टोस्टेरॉन ४१० म्हणजे ठीक होते. उपाशीपोटी साखर १५८ निघाली आणि तीन महिन्यांची सरासरी ७.९ टक्के. ही सरासरी साडेसहा टक्के किंवा त्यावर असली, तर मधुमेह धरतात. रक्तदाब १४६ वर ९४ होता. वडिलांना मधुमेह पन्नाशीत निघाला होता, म्हणून माझ्यासाठी तो पन्नाशीचा आजार होता. चौतिशीत तो आपल्या दारात असेल, असे मनात आले नव्हते.

डॉक्टरांनी दिलेले स्पष्टीकरण मला आजही महत्त्वाचे वाटते. ताठरता म्हणजे लिंगाच्या आतल्या स्पंजासारख्या ऊतींत रक्त भरणे आणि ते तिथे अडून राहणे. रक्त आणणाऱ्या तिथल्या धमन्या एक ते दोन मिलिमीटर रुंदीच्या असतात. हृदयाच्या धमन्या साधारण तीन ते चार मिलिमीटरच्या. साखर, रक्तदाब आणि तंबाखू यांनी धमन्यांचे अस्तर सगळीकडे एकदमच बिघडत असते, पण त्याची खूण बारीक धमनीत आधी दिसते. म्हणून अशा माणसात ताठरतेची अडचण छातीच्या दुखण्याच्या काही वर्षे आधी येऊ शकते. हे ऐकल्यावर माझ्या अडचणीचा अर्थच बदलला. पती म्हणून मी कमी पडतो की काय, हा प्रश्न मागे पडला आणि धमन्या वाचवायच्या आहेत हे समोर आले.

आता दुसरी बाजू, कारण ती कमी खरी नाही. खानापूरचा माझा मावसभाऊ एकतीस वर्षांचा आहे. लग्नाला तीन वर्षे झाली, मूल हवे होते, आणि डॉक्टरांनी पाळीनंतरचे ठरावीक दिवस सांगितले होते. नेमक्या त्याच दिवशी त्याला ताठरता येईना. इतर दिवशी अडचण नव्हती, पहाटेची ताठरता रोजची होती, आणि सुरुवात कधी झाली ती तारीखही तो सांगू शकत होता. भीती वाटली की शरीर पळण्याच्या तयारीला लागते, ॲड्रेनॅलिन वाढते, आणि त्याने लिंगातले स्नायू आकसून रक्त आत शिरू देत नाहीत. म्हणजे मनाचे कारणही शेवटी शरीरातूनच काम करते. बेळगावच्या समुपदेशकांनी त्याला व त्याच्या पत्नीला एकत्र बोलावले. पहिले दोन आठवडे संभोग करायचाच नाही, एकमेकांजवळ राहायचे, स्पर्श करायचा, ताठरता आली तरी पुढे जायचे नाही, असा नियम घालून दिला. परीक्षाच रद्द झाल्यावर भीतीला धरायला जागा उरली नाही. दोन महिन्यांत त्याचे सुरळीत झाले. वयाच्या तिशीत त्याच्यासारखी प्रकरणे अधिक दिसतात असे डॉक्टर म्हणतात, आणि माझे त्यावर दुमत नाही.

तरीही एक गोष्ट नमूद करतो. त्या समुपदेशकांनी पहिल्याच भेटीत त्याच्याकडून साखरेची आणि रक्तदाबाची तपासणी करून घेतली होती. दोन्ही ठीक निघाल्यावरच त्यांनी मनाचे काम हाती घेतले.

आपल्या भागात निवड करताना आणखी एक व्यवहाराची बाब येते. रक्ततपासणीच्या चिठ्ठीवर साखर आणि कोलेस्टेरॉल लिहिलेले असते. लॅबमध्ये ओळखीचे कोणी भेटले तरी संकोच वाटत नाही. माझा सगळा खर्च दोन हजारांच्या आत झाला. समुपदेशनात मात्र जे आयुष्यात कोणाला सांगितले नाही, ते तोंडाने सांगावे लागते, आणि ते आपल्या भाषेत सांगता आले नाही तर निम्मे आतच राहते. कोल्हापूरच्या आधी मी एकदा अशा ठिकाणी गेलो होतो, जिथे मला मोडक्या कन्नडात आणि हिंदीत बोलावे लागले. ‘रात्री जमत नाही’ यापलीकडे माझ्याकडे शब्दच नव्हते. म्हणून समुपदेशकांना वेळ मागतानाच मराठीत बोलता येईल का, हे विचारून घ्यावे.

ताठरतेच्या गोळीविषयी दोन्ही बाजूंचे लोक चुकीचा निष्कर्ष काढतात. सिल्डेनाफिलने गुण आला म्हणजे शरीरच बिघडले होते, किंवा एकदा जमले म्हणजे सारे मनाचेच होते, असे म्हटले जाते. ही गोळी दोन्ही प्रकारांत काम करते, त्यामुळे ती निदान नव्हे. उत्तेजना नसेल तर ती काही करत नाही, आणि भरपेट तेलकट जेवणावर घेतली तर तिचा परिणाम उशिरा येतो. गुण नाही म्हणणाऱ्यांपैकी काहींची चूक एवढीच असते. छातीत दुखण्यासाठी नायट्रेटची गोळी, मग ती जिभेखाली ठेवण्याची असो वा गिळण्याची, ज्याला चालू आहे, त्याने सिल्डेनाफिल मुळीच घेऊ नये. रक्तदाब धोकादायक उतरतो. भिंतींवरच्या जाहिरातींतली बिननावाची चूर्णे याच कारणाने टाळावीत, कारण अशा चूर्णांत हेच औषध न सांगता मिसळलेले अनेकदा सापडले आहे.

माझे पुढे असे झाले. साखरेची आणि रक्तदाबाची औषधे सुरू झाली, तंबाखू सुटायला दोन प्रयत्न लागले, आणि गोळी काही काळ डॉक्टरांच्या सल्ल्याने घेतली. चार महिन्यांनी तीन महिन्यांची साखर ६.६ वर आली. पहाटेची ताठरता त्या सुमारास आठवड्यातून दोन-तीनदा जाणवू लागली. पण शरीर सुधारल्यावरही भीती उरलीच होती, कारण सात महिन्यांत ती पक्की बसली होती. तेव्हा पत्नीला घेऊन मी मावसभावाच्याच समुपदेशकांकडे गेलो आणि त्या चार बैठकींचा मला खरा उपयोग झाला. त्याच बैठकी मी पहिल्या महिन्यात, रक्त न तपासता घेतल्या असत्या, तर माझी १५८ साखर तशीच वाढत राहिली असती.

ज्याची अडचण मावसभावासारखी ठरावीक दिवसांपुरती आहे, त्याने समुपदेशकांची वेळ आजच घ्यावी; पण ती मिळेपर्यंतच्या आठवड्यात एका सकाळी उपाशीपोटी रक्त द्यावे आणि रक्तदाब मोजून घ्यावा. ज्याची हळूहळू वाढत गेली आहे, जो तंबाखू किंवा सिगारेट घेतो, किंवा ज्याच्या आई-वडिलांना साखर आहे, त्याने माझ्या मते रक्ताचा अहवाल हातात येईपर्यंत ताण हा शब्द बाजूला ठेवावा.