पाळीची नोंद आणि सरावाचा भार: काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

लांब पल्ल्याच्या धावण्याचा सराव करताना गेले काही महिने मी मासिक पाळीची नोंद नेमाने ठेवते आहे. त्यासाठी चार गोष्टी वापरल्या: मनगटी घड्याळ आणि त्याच्यासोबतचे पाळीचे अ‍ॅप, दोन दशांशांपर्यंत तापमान दाखवणारा थर्मामीटर, ओव्ह्युलेशन, म्हणजे अंडाशयातून बीज बाहेर पडणे, ओळखण्यासाठी लघवीतले एलएच हे संप्रेरक तपासणाऱ्या एलएच पट्ट्या आणि एक साधी वही. या चारांपैकी वही आणि थर्मामीटर यांनी सर्वांत जास्त काम केले, पट्ट्यांनी काही महिने चांगली साथ दिली, आणि ज्या अ‍ॅपवर बहुतेक जणी विसंबून असतात त्याचा अंदाज सर्वांत कमी उपयोगी ठरला. असे का झाले, हे समजले की भार कमी-जास्त कसा करावा हेही बरेचसे समजते.

माझ्या अ‍ॅपला पाळी सुरू झाल्याची तारीख सांगितली की ते पुढचा सगळा महिना स्वतःच आखून टाकते. चौदाव्या दिवशी ओव्ह्युलेशन झाले असे गृहीत धरून पंधराव्या दिवसापासून ते ‘ल्युटिअल टप्पा’, म्हणजे ओव्ह्युलेशननंतरचा काळ, ‘भार कमी करा’ असे सांगू लागते. प्रत्यक्षात चक्र २१ ते ३५ दिवसांचे असले तरी ते सामान्यच मानले जाते, आणि चक्र लांबते तेव्हा लांबतो तो मुख्यतः ओव्ह्युलेशनच्या आधीचा भाग. नंतरचा भाग बहुतेक जणींत १२ ते १४ दिवसांच्या आसपास राहतो. माझ्या नोंदीत एका चक्रात एलएच पट्टीची रेषा सतराव्या दिवशी गडद झाली आणि चक्र ३० दिवसांचे झाले. त्यापुढच्या चक्रात ती एकविसाव्या दिवशी गडद झाली आणि चक्र ३४ दिवसांवर गेले. म्हणजे दुसऱ्या वेळी अ‍ॅप जवळजवळ एक आठवडाभर मला भार कमी करण्यास सांगत होते आणि शरीर अजून ओव्ह्युलेशनच्या अलीकडेच होते. त्या आठवड्यातले इंटरव्हल मी ठरल्याप्रमाणे केले आणि ते उत्तम झाले.

पट्टी गडद होणे म्हणजे पुढील साधारण २४ ते ३६ तासांत ओव्ह्युलेशन अपेक्षित आहे, एवढेच. ते खरोखर झाले की नाही, हे तापमान सांगते. ओव्ह्युलेशननंतर प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक वाढते आणि विश्रांतीतले तापमान साधारण ०.३ ते ०.५ अंश सेल्सियसने वर जाते. सकाळी जाग आल्यावर, अंथरुणातून उठण्यापूर्वी, रोज ठरावीक वेळी तोंडातले तापमान घ्यायचे आणि आधीच्या सहा सकाळींपेक्षा किमान ०.२ अंशाने वर असलेले तापमान सलग तीन सकाळी टिकले की वहीत खूण करायची, एवढा नियम मी पाळला. माझे वाचन ३६.३५ च्या आसपासून ३६.७० पर्यंत चढते. अपुरी झोप, ताप किंवा मद्यपान यांनी हे वाचन बिघडते. अशा सकाळी अंक लिहून त्याभोवती गोल करावा आणि हिशेबात तो धरू नये.

आता मुख्य मुद्दा. प्रोजेस्टेरॉनमुळे केवळ तापमान चढत नाही, तर विश्रांतीतली हृदयगती मिनिटाला दोन-चार ठोक्यांनी वाढते, हृदयगतीतील चढउतार, ज्याला घड्याळे एचआरव्ही म्हणतात, तो कमी होतो, आणि श्वसनाचा वेगही थोडा वाढतो. घड्याळाची ‘रिकव्हरी’ नेमकी याच आकड्यांवरून काढलेली असते. परिणामी दर महिन्याला ओव्ह्युलेशननंतरच्या आठवड्यात माझे घड्याळ मला थकलेली ठरवू लागले. झोप पुरेशी होती, पाय ताजे होते, तरीही. हा थकवा नव्हता, ती त्या टप्प्यातली माझी नेहमीची पातळी होती. म्हणून आजच्या आकड्याची तुलना मागच्या आठवड्याशी न करता मागच्या चक्रातल्या त्याच टप्प्याशी करायला हवी. ही तुलना घड्याळ करून देत नाही. वहीत दोन चक्रे शेजारी-शेजारी मांडली की ती एका नजरेत होते.

याचा सरावावर होणारा परिणाम टेम्पो रनमध्ये, म्हणजे एकच जलद वेग राखून धावण्यात, सर्वांत स्पष्ट दिसला. ओव्ह्युलेशनपूर्वीच्या दिवसांत किलोमीटरला ५ मिनिटे १० सेकंद या वेगाने धावताना माझी हृदयगती १६८ च्या आसपास स्थिर राहते. तोच वेग, तोच मार्ग आणि तीच पहाटेची वेळ असताना ओव्ह्युलेशननंतर सुमारे आठवडाभराने ती १७३ होते. मी हृदयगतीच्या मर्यादेत धावायचे ठरवले असते तर वेग किलोमीटरला दहा सेकंदांनी उतरवावा लागला असता आणि वहीत ‘तंदुरुस्ती घसरली’ अशी खोटी नोंद झाली असती. त्यामुळे या टप्प्यात टेम्पो मी वेग आणि आरपीई, म्हणजे सराव किती जड गेला याचा शून्य ते दहा या मापावरचा अंक, यांवर चालवते. वेग ठरलेला, आरपीई नेहमीप्रमाणे सहा किंवा सात, आणि हृदयगती चार-पाच ठोके वर, असे असेल तर काहीही बदलत नाही. अपवाद उष्ण आणि दमट हवेचा आहे. शरीराचे तापमान मुळातच वर असल्याने लांब धावणे तेव्हा लवकर जड होते. तेवढ्यापुरते मी ते अधिक थंड वेळी नेते किंवा वेग स्वखुशीने उतरवते.

त्यामुळे भार खरोखर कधी कमी करायचा, याचा निर्णय मी टप्प्यावर नव्हे तर लक्षणांवर घेते. रोजच्या सरावाचा आरपीई गुणिले मिनिटे असा भार लिहायचा. पन्नास मिनिटांचा टेम्पो सातच्या आरपीईने गेला तर ३५०. त्याशेजारी झोप, पोटदुखी, पायांचा जडपणा आणि रक्तस्रावाचे प्रमाण प्रत्येकी एका अंकात. तोच सराव त्याच टप्प्यातल्या नेहमीपेक्षा दोन अंकांनी जड गेला आणि झोपही बिघडली, तर पुढच्या कठीण सरावाचे प्रमाण एक तृतीयांशाने कमी करते आणि तीव्रता तशीच ठेवते: एक किलोमीटरच्या सहा आवर्तनांऐवजी चार, पण त्याच वेगाने. माझ्या बाबतीत हे पाळीच्या आदल्या दोन दिवसांत आणि पहिल्या दिवशी वारंवार घडते, त्यामुळे त्या दिवसांवर आता मुळातच सोपे धावणे ठेवलेले असते. दुसरीच्या बाबतीत ते दिवस वेगळे असतील किंवा तसे दिवसच नसतील.

हे एवढे ठासून लिहिण्याचे कारण, पाळीच्या टप्प्यांनुसार तयार मिळणारी वेळापत्रके अलीकडे फार खात्रीने विकली जातात: अमुक आठवड्यात वजने उचला, अमुक आठवड्यात केवळ स्ट्रेचिंग करा. पुरावा तेवढा भक्कम नाही. २०२० साली ‘स्पोर्ट्स मेडिसिन’ या नियतकालिकात ७८ अभ्यास एकत्र तपासणारा आढावा आला. त्यात पाळीच्या सुरुवातीच्या दिवसांत कामगिरी किंचित, नगण्य म्हणावी इतकी, खालावू शकते असे आढळले. अभ्यासांचा दर्जा एकंदरीत कमी आणि स्त्री-स्त्रीतील फरक मोठा असल्याने सरसकट नियम न करता प्रत्येकीचा वेगळा विचार करावा, असा लेखकांचा निष्कर्ष होता. पॉला रॅडक्लिफ यांनी २००२ मध्ये शिकागोला २ तास १७ मिनिटे १८ सेकंदांचा मॅरेथॉनचा तेव्हाचा विश्वविक्रम केला तो पाळीच्या पोटदुखीसह. तर पॅरिस ऑलिंपिकमध्ये चौथ्या आलेल्या मीराबाई चानू यांनी पाळीच्या तिसऱ्या दिवसाचा अशक्तपणा जाणवल्याचे स्पष्ट सांगितले. दोन्ही अनुभव खरे आहेत आणि कोणतेही तयार वेळापत्रक या दोघींना एकाच वेळी लागू पडणार नाही.

नोंदीचा सर्वांत मोलाचा उपयोग मात्र मला अपेक्षित नसलेल्या जागी झाला. एका महिन्यात रक्तस्राव वेळेवर आला, अ‍ॅपने चक्र ‘नियमित’ ठरवले, पण त्याआधी पट्टी गडद झालीच नव्हती आणि तापमानही चढले नव्हते. म्हणजे त्या चक्रात बहुधा ओव्ह्युलेशन झाले नव्हते. त्याच महिन्यात धावण्याचे साप्ताहिक अंतर वाढले होते आणि आहार पूर्वीइतकाच होता. शरीराला सरावाचा खर्च वजा जाता उरणारी ऊर्जा अपुरी पडली की मेंदूकडून होणारे एलएचचे स्पंदन मंदावते. पाळी थांबण्याच्या कितीतरी आधी ओव्ह्युलेशन चुकते किंवा नंतरचा टप्पा आखूड होतो. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समिती २०१४ पासून ज्याला ‘रेड-एस’ म्हणते, त्या अवस्थेच्या मुळाशी हीच कमतरता असते.

हिशेब सोपा आहे. वजन ५४ किलो, त्यात चरबी वगळून ४३ किलो. दिवसाचा आहार सुमारे १,९५० किलोकॅलरी, धावण्याचा खर्च ७००. उरल्या १,२५०, भागिले ४३ म्हणजे किलोमागे २९. पुरेशी ऊर्जा म्हणून ४५ चा आणि धोक्याची पातळी म्हणून ३० चा आकडा दीर्घकाळ वापरला जातो, जरी तो सर्वांसाठी सारखा काटेकोर नसतो आणि आहाराचा अंदाज नेहमीच ढोबळ असतो. लांब धावण्याच्या दिवशी साडेतीनशे किलोकॅलरी वाढवल्या, त्यांतला मोठा भाग धावण्याच्या आधी आणि लगेच नंतर कर्बोदकांच्या रूपात घेतला, तेव्हा हा आकडा ३७ वर गेला. अंतर दोन आठवडे जुन्या पातळीवर आणले. त्यापुढच्या चक्रात तापमान पुन्हा चढले. एखादे चक्र ओव्ह्युलेशनविना जाणे हा आजार नाही. पण सलग दोन-तीन चक्रे तशी गेली, तापमान वर राहण्याचे दिवस दहापेक्षा कमी होऊ लागले, किंवा तीन महिने पाळीच आली नाही, तर वही घेऊन डॉक्टरांकडे जावे. गर्भधारणा, थायरॉइड आणि प्रोलॅक्टिन यांची तपासणी तिथे आधी होते, कारण दोष नेहमी आहाराचाच असतो असे नाही. पाळीत फार रक्त जात असेल तर लोहाचा साठा दाखवणारे फेरिटिनही तपासून घ्यावे. लोहाच्या कमतरतेचा थकवा वहीत अतिसरावासारखाच दिसतो.

हार्मोनयुक्त गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्यांना तापमान आणि पट्ट्या यांचा उपयोग नाही. त्या गोळ्या ओव्ह्युलेशन रोखतात आणि गोळ्यांच्या खंडात होणारा रक्तस्राव ही खरी पाळी नसते, त्यामुळे तो वेळेवर येतो यावरून ऊर्जा पुरेशी आहे असे समजू नये. त्यांनी लक्षणे आणि आरपीई एवढेच लिहावे. पीसीओएस असलेल्या काहींमध्ये एलएच कायमच वर असल्याने पट्टी खोटा होकार देऊ शकते. तिथे तापमानच अधिक विश्वासार्ह.

पट्ट्या मी आता रोज वापरत नाही. भार वाढवण्याच्या महिन्यातच काढते. तापमान आणि वही चालू आहेत. अ‍ॅपमधले टप्प्यांचे सल्ले बंद करून केवळ पाळीची तारीख तिथे ठेवली आहे. कोचला वही दाखवत नाही. ‘आज आवर्तने चार’ किंवा ‘या आठवड्यात हृदयगती पाहू नका, वेग पाहा’ एवढेच कळवते, आणि सराव आखायला त्यांना तेवढे पुरते.