निष्कर्ष तपासायचा पाच रकान्यांचा तक्ता : आठ महिने वापरल्यावर

बहिःस्थ परीक्षकांचा अहवाल आला आणि बचत गटांतल्या ग्रामीण महिलांवरचा माझा पीएच.डी.चा प्रबंध दुरुस्तीसाठी परत आला. पाच प्रती बांधून झाल्या होत्या, तो सगळा खर्च पाण्यात. अहवालात मुद्दे तीनच होते: पाचव्या प्रकरणातली विधाने चौथ्यातल्या आकड्यांना पेलत नाहीत, पहिल्या प्रकरणातल्या मर्यादा शेवटी कुठेच दिसत नाहीत, आणि उद्दिष्ट क्रमांक ३ चे उत्तर सापडत नाही. तेव्हा संशोधन केंद्रातल्या एका ताईंनी त्यांचा तक्ता दिला. निष्कर्षाचे वाक्य, उद्दिष्टाचा क्रमांक, चौथ्या प्रकरणातला सारणी क्रमांक, त्या वाक्याला लागू पडणारी मर्यादा आणि सुधारलेले वाक्य, असे पाच रकाने. एका ओळीत एकच वाक्य. माझ्या प्रबंधावर आणि नंतर दोन मैत्रिणींच्या प्रबंधांवर तो वापरला.

दुसऱ्या रकान्याने पहिल्याच संध्याकाळी काम केले. माझे निष्कर्ष २३ होते, त्यांतल्या सातांपुढे उद्दिष्टाचा क्रमांकच लिहिता येईना. "बहुसंख्य प्रतिसादक ३१ ते ४० वयोगटातील आहेत" हे नमुन्याचे वर्णन आहे, निष्कर्ष नव्हे. ते सातही चौथ्या प्रकरणाच्या सुरुवातीला नेऊन ठेवले. मग उलट बाजूने पाहिले. बचत गटाचे कर्ज कशासाठी वापरले जाते, या तिसऱ्या उद्दिष्टाचा क्रमांक रकान्यात एकदाही आलेला नव्हता. सारणी होती, तिच्याखाली विवेचनही होते, फक्त निष्कर्षात ते आणायचे राहून गेले होते.

सुरुवातीला मला शब्दांची तपासणी सगळ्यात आवडली. वर्डमध्ये 'सिद्ध', 'मुळे', 'सर्व', 'निश्चितच' शोधायचे आणि प्रत्येक ठिकाणी थांबायचे. महिनाभर मी तेच करत होते आणि सगळीकडे 'दिसून येते' घालत सुटले. हे मत मी आता बदलले आहे. मार्गदर्शक सरांनी एका वाक्यावर बोट ठेवले: "१८० पैकी १३१ सदस्यांचे स्वतःच्या नावे खाते असल्याचे दिसून येते." सर म्हणाले, "अहो, पासबुके तुम्ही स्वतः पाहिलीत ना? मग 'आहे' म्हणा." जिथे पुरावा पक्का तिथे वाक्यही पक्केच हवे. क्रियापद मवाळ केले म्हणून दावा लहान होत नाही.

खरा कस चौथ्या रकान्यात लागतो, आणि या तक्त्याची खोटही तिथेच आहे. तिथे नुसते "नमुना मर्यादित" लिहिले की ओळ भरल्यासारखी वाटते. माझ्या पहिल्या खेपेत हे दोन शब्द अकरा वेळा आले होते. दोन तालुकेच घेणे ही मी आखलेली परिमर्यादा. गट सोडून गेलेल्या महिला भेटल्याच नाहीत, ही माझ्या हाताबाहेरची मर्यादा. दोन्ही एकाच ओळीत कोंबल्या की कुठली मर्यादा कुठल्या निष्कर्षाला झळ लावते, ते कळत नाही.

माझे मुख्य वाक्य होते, "बचत गटामुळे ग्रामीण महिलांचे सक्षमीकरण झाले हे सिद्ध होते." आधार काय, तर सदस्यत्वाची वर्षे आणि घरातल्या निर्णयांतला सहभाग यांच्यातला ०.३४ सहसंबंध. त्याचा वर्ग केला तर सहभागातल्या फरकापैकी साधारण १२ टक्के फरकच सदस्यत्वाच्या वर्षांशी जुळतो. त्यात सगळी माहिती एकाच वेळी गोळा केलेली. घरात जिच्या शब्दाला मान आहे तीच गटात टिकत असेल, हेही तितकेच शक्य. गट सोडलेल्यांचा विचार केला तेव्हा मात्र मी हादरले. घरात बोलायची सोय नसलेल्या महिला नव्या सदस्यांत अजून आहेत, जुन्या सदस्यांतल्या तशा महिला गळून गेल्या असतील. म्हणजे गटाने काहीही केले नसते, तरी जुन्या सदस्यांचा सहभाग जास्तच दिसला असता.

म्हणून चौथ्या रकान्यात मी एक प्रश्न वाढवला: ही मर्यादा निकाल वर ढकलते की खाली? त्यानंतरचे वाक्य असे झाले: "दोन तालुक्यांतील सध्या सक्रिय असलेल्या १८० सदस्यांत सदस्यत्वाचा कालावधी व निर्णयातील सहभाग यांच्यात सौम्य धन सहसंबंध आढळला. गट सोडलेल्या महिला नमुन्यात नसल्याने तो प्रत्यक्षाहून अधिक दिसत असण्याची शक्यता आहे."

एक मोठी उणीव अजून आहे. शिफारशींना तक्त्यात जागाच नाही. निष्कर्षातून काढलेला 'मुळे' माझ्या शिफारशीत तसाच राहिला होता: "सक्षमीकरणासाठी प्रत्येक गावात गटसंख्या वाढवावी." कार्यकारण सिद्ध झाल्याशिवाय ही शिफारस उभीच राहत नाही. मैत्रिणीच्या प्रबंधातही हेच निघाले. दोन पद्धतींच्या परिणामात फरक नाही, ही तिची शून्य परिकल्पना फेटाळली गेली नव्हती, तिने मात्र "दोन्ही पद्धती समान परिणामकारक" असा निष्कर्ष काढून स्वस्त पद्धत सुचवली होती. फरक आढळला नाही आणि फरक नाही, ही दोन वेगळी विधाने आहेत. तिच्या एकेका गटात तर २० विद्यार्थीच होते.

आता शिफारशींसाठी खाली वेगळ्या ओळी आखते आणि प्रत्येकीपुढे निष्कर्षाचा क्रमांक घालते. हे सगळे होईपर्यंत प्रती बांधायला टाकत नाही.